खलनायकाशिवाय वाडा पाडताना

कादंबरीत कोणी दुष्ट नसणार, हे पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरलं होतं. विषय कसबा पेठेतला एक खचत चाललेला वाडा, त्याचा मालक आणि त्याचे भाडेकरू. वाड्यांवर लिहायला बसलं की बिल्डर आपोआप हजर होतो. तो आला की वाचकाला राग काढायला माणूस मिळतो आणि वाडा का खचतोय हे विचारायचं कोणाला सुचतच नाही. म्हणून मी माझा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत नेऊन ठेवला. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. २०१० च्या कायदेदुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, जुन्या घराची दुरुस्ती तेवढी करता येते, तीही परवानगी घेऊन. तिथं कुठला बिल्डर फिरकतोय?

बिल्डर गेला तशी पंचाईत झाली. आता अडवणार कोण? मालक दत्तूकाका पापभीरू, भाडेकरू कमलआजी समजूतदार, महापालिकेतला अभियंताही आपलं काम करणारा. सगळेच भले असले की तिसऱ्या प्रकरणात चहा पिऊन मंडळी घरी जातात. मग मी प्रकरणं बाजूला ठेवली आणि नुसते हिशोब मांडायला घेतले. कादंबरीला पाय फुटले ते तिथून.

आजींच्या दोन खोल्यांचं भाडं २००० साली महिना ४५ रुपये धरलं. त्या वर्षी मार्चअखेर लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ती चक्रवाढीने धरली तरी २४ वर्षांनी भाडं होतं सुमारे ११५ रुपये. एवढ्यात कौलं शाकारणाऱ्याची एका दिवसाची मजुरीही निघत नाही. म्हणजे दत्तूकाका दुरुस्ती करत नाहीत यात कंजूषपणा नाही, पैसेच नाहीत. बरं, मालक करत नसेल तर कायदा भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करायची मुभा देतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू देतो. मात्र वर्षाला एक चतुर्थांश भाड्यापर्यंतच. आजींचं वर्षाचं भाडं १,३८०, त्याचा चौथा हिस्सा ३४५ रुपये. हा आकडा वहीत लिहिला आणि माझं मलाच हसू आलं. मग तो जसाच्या तसा आजींच्या तोंडी घातला: ‘तीनशे पंचेचाळीसात तुळई येते का हो?’

प्रतिपक्ष माणूस नसला तरी त्याला डाव टाकता आले पाहिजेत, हे मला इथं कळलं. नुसतं ‘व्यवस्था वाईट आहे’ म्हणून भागत नाही. व्यवस्थेने प्रत्येक वेळी एक वाट बंद करायला हवी आणि तीही एखाद्या शहाण्या माणसाने त्या वाटेवर पाऊल टाकल्यावरच.

यातला सगळ्यात जोरकस डाव सहा महिन्यांचा. दाव्याआधी सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरात नसेल, तर मालकाला ताबा मागता येतो. नियम तसा वाजवी आहे, कुलूप लावून जागा अडवणाऱ्यांसाठीच केलेला. पण माझ्या गोष्टीत पावसाळ्यापूर्वी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. आजींचा मुलगा संजय बाणेरला राहतो. तो म्हणतो, आई, चल माझ्याकडे. आणि आजी हलत नाहीत. जीव प्यारा नाही असं नव्हे. त्या दोन खोल्या हीच त्यांची आयुष्यभराची पुंजी, आणि कुलूप लागल्या दिवसापासून ती मोजली जाणार. संजयला आई हट्टी वाटते. दत्तूकाकांना वाटतं, म्हातारी आपल्याला कोर्टात खेचायच्या तयारीत आहे. खरं तर तिघंही एकच तारीख मोजत असतात.

दुसरा डाव पावतीचा. भाड्याची पावती अजून आजींच्या सासऱ्यांच्या नावे फाटते, ते जाऊन तीस वर्षं झाली तरी. नाव बदललं की नवा भाडेकरू मान्य केल्यासारखं होईल, असं दत्तूकाकांना त्यांच्या वकिलाने सांगितलेलं. आजींना त्यांच्या वकिलाने सांगितलेलं, पावती नाकारली तर मनीऑर्डर करा. ती मनीऑर्डर ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येते. दोन्ही वकील आपापल्या जागी बरोबर. आणि जिन्यात रोज भेटणारी दोन माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात. हे प्रकरण लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यात कोणाला एक वाक्यसुद्धा आवाज चढवून बोलू द्यायचं नव्हतं.

पहिला खर्डा वाचून एका मैत्रिणीने सांगितलं, ‘तुझा मालक हलकट आहे.’ ही खूण मी मनात ठेवली. वाचकाला गुन्हेगार सापडला याचा अर्थ कुठंतरी एक हिशोब पानावर आलेला नाही. दत्तूकाका संडासाची दुरुस्ती नाकारतात तो प्रसंग मी फक्त आजींच्या नजरेतून लिहिला होता. त्याच्या आधी त्यांची एक संध्याकाळ घातली: सहहिस्सेदार पुतण्याचा फोन, मालमत्ता कराचं बिल, स्वतःच्या खोलीत गळतीखाली ठेवलेली बादली. नकार तसाच राहिला, शब्दही तेच. मैत्रिणीचं मत मात्र बदललं.

याचा अतिरेकही होतो. सगळ्यांची बाजू समजून घेता घेता पात्रं गुळचट होतात. म्हणून दत्तूकाकांना मी एक क्षुद्रपणा करू दिला: ते रात्री जिन्यातला दिवा काढून नेतात. परिस्थिती माणसाला लहान करते, आणि ते लहान होणं दिसलं नाही तर नुकसान कसलं झालं ते कळणार कसं? कसोटी मी एवढीच ठेवली होती की दत्तूकाकांच्या जागी दुसरा कोणीही मालक बसवला तरी वाडा खचलाच पाहिजे. दिव्याचा प्रसंग काढला तरी वाडा खचतो, त्यामुळे तो राहिला.

कोर्टाचं प्रकरण लघुवाद न्यायालयात घडतं. दत्तूकाका स्वतःच्या गरजेसाठी जागा मागतात. इथं कायद्यानेच माझं काम हलकं केलं. मालकाची गरज खरी असली तरी, ताबा दिल्याने जास्त हाल कोणाचे होतील हे न्यायाधीशाला तोलावं लागतं. भाडेकरूचे होणार असतील तर ताबा मिळत नाही. म्हणजे दोन्ही वकिलांनी भर कोर्टात आपापल्या अशिलाची दैना दुसऱ्यापेक्षा मोठी आहे हे सिद्ध करायचं. दत्तूकाकांच्या गुडघ्याचे एक्स-रे एका बाजूला, आजींच्या पेन्शनचं पासबुक दुसऱ्या बाजूला. हे मला रचावं लागलं नाही.

शेवटाला पावसात वाडा कोसळवायचा मोह होता. टाळला. तसं केलं असतं तर सगळा दोष पावसावर गेला असता. माझ्या शेवटात वाडा टेकूंवर उभा आहे, दावा चालू आहे आणि आजी बाणेरला राहून दर महिन्याला आठवडाभर कसब्यात येतात, विजेच्या बिलात चार युनिट दिसावेत म्हणून. दत्तूकाकांना ते माहीत आहे. त्यांनी ते आपल्या वकिलाला सांगितलेलं नाही, पण पुतण्याला कळलं तर तो सांगणार.

हस्तलिखित सध्या प्रकाशकाकडे आहे. मलपृष्ठासाठी त्यांनी चार ओळी मागितल्या आहेत. त्यांचा पहिला मसुदा ‘एका एकाकी वृद्धेचा लोभी मालकाशी लढा’ असा होता. तो मी खोडून परत पाठवला, आणि माझ्या चार ओळी अजून व्हायच्या आहेत.