खतवाले, चेक, नोटीस

आमच्या बारमधल्या एका ज्येष्ठ वकिलांची बायपास ठरली आणि त्यांच्या चालू फायली आम्हा तिघांत वाटल्या गेल्या. माझ्याकडे चेकच्या केसेस आल्या, सोबत त्यांची डायरी. गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५. दिवाळी तोंडावर. रविवार १९च्या पानावर त्यांच्या सुरेख अक्षरात एवढंच होतं: ‘खतवाले, चेक, नोटीस.’

आता यातून काय समजायचं? नोटीस पाठवली, पाठवायची आहे, की समोरच्याची आली आहे? आणि १९ हा काम करायचा दिवस, की मुदत संपायचा?

फाईल चाळली तर नोटिशीची प्रत नाही, पोस्टाची पावती नाही. खताच्या दुकानदाराला फोन केला. तो निवांत. “मॅडम, साहेबांनी तारीख लिहून ठेवलीय की.” पक्षकारांची ही श्रद्धा मला कायम घाबरवते.

चेक बाउन्सच्या, म्हणजे कलम १३८च्या कामात चेक परत गेल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो दुकानदाराच्या हातात आला १९ सप्टेंबरला. तो दिवस वगळून ३० मोजले की १९ ऑक्टोबर. वकीलसाहेबांचा हिशेब चोख होता. पण मेमोवर तारीख १७ सप्टेंबर, आणि चौकशी केली तर बँकेचा एसएमएसही त्याच दिवशी आलेला. समोरचा वकील तो एसएमएस काढणारच. म्हणजे शेवट १७ ऑक्टोबर, उद्याच. शिवाय १९ला रविवार, पोस्ट बंद, हे डायरी छापणाऱ्यालाही माहीत होतं.

यातली मेख अशी की तक्रार दाखल करायला उशीर झाला, तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सोय नाही. पैसे बुडाले म्हणून दिवाणी दावा लावता येईल, पण १३८ची केस गेली. त्यामुळे माझ्या फोनमध्ये अशा नोंदीत ‘माफी नाही’ हे दोन शब्द असतातच. त्या रात्री मी लावलेलं रिमाइंडर असं होतं:

‘पोस्टात टाक आज दुपारी २ – खतवाले नोटीस. शेवट आजच, माफी नाही.’

क्रियापद आधी, कारण फोन लॉक असताना सुरुवातीचे काही शब्दच दिसतात आणि मी ते कोर्टात, गाऊनच्या खिशातून अर्धा फोन वर काढून वाचते. नुसतं ‘खतवाले’ दिसलं तर मी फोन परत खिशात टाकीन. पक्षकाराचं नाव कामानंतर, मुदत सगळ्यात शेवटी. दुपारी दोन यासाठी, की आमच्या पोस्टात सणाआधी खिडकीवर रांग असते.

शुक्रवारी नोटीस गेली. चेकवरची रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोनदा ताडून पाहिली, कारण मागणी चेकच्या रकमेशी जुळली नाही तर नोटीसच लटकते. २४ तारखेला ती समोरच्याला मिळाली. ट्रॅकिंगचं पान त्याच दिवशी छापून घेतलं, ती नोंद साइटवर कायम राहत नाही.

पुढचं रिमाइंडर जास्त नाजूक, कारण इथे लवकर जाणंही घातक. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे ८ नोव्हेंबरपर्यंत. त्याआधी केलेली तक्रार टिकत नाही. ९ला तक्रारीचं कारण घडतं आणि तिथून एक महिना, तोही कॅलेंडरचा. म्हणून एका कामाच्या दोन नोंदी झाल्या:

‘बोलाव खतवाल्यांना – मूळ चेक, मेमो, प्रतिज्ञापत्रावर सही. दाखल करायला १५ दिवस आहेत.’ ही वाजली १० नोव्हेंबरला.

‘दाखल कर – खतवाले १३८. ठरलेला दिवस २५ नोव्हें., कायद्याने ९ डिसें.’

पहिली इतकी आधी, कारण उशीर माझ्या टायपिंगने होत नाही, दुकानदार रब्बीच्या गर्दीतून तालुक्याला येण्यात होतो. आला तोही चौथ्या फोननंतर, आणि मूळ चेकऐवजी झेरॉक्स घेऊन.

तक्रार २५लाच दाखल झाली. ज्येष्ठ आता घरी आहेत. भेटायला गेले तेव्हा डायरीचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. “मला तर स्पष्ट होतं. १९ शेवट, १४ला टाकणार होतो.” ते चौदा कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्या छापील डायऱ्यांत ‘पुढील तारीख’चा रकाना असतो तो कोर्टाच्या तारखेचा. वकिलाने स्वतः करायच्या कामाला त्यात जागाच नाही.

माझं मात्र एक ठरत नाहीये. दोन्ही तारखा लिहिल्या की २५ उजाडल्यावर डोळा ९ डिसेंबरकडे जातो, आणि हात ढिला पडतो. खरी मुदत लपवून फक्त २५ लिहावी, तर माझी फाईल उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती गेल्यावर त्याला काय कळणार?