नुसतं ‘नमस्कार’ आणि मग शांतता

मंगळवार, रात्री साडेदहा

आज सकाळी सातला आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये पोचले, व्हॉट्सअ‍ॅप चॅटचा स्क्रीन उघडला आणि सगळ्यात वर एक मेसेज दिसला. ‘माफ करा ताई. फोन बंद पडला होता, चार्जर नातवाकडे. तसदीबद्दल क्षमस्व.’ वेळ ६:४०. दिवसभर तेवढंच डोक्यात आहे. त्या काकांनी आम्हाला फक्त नमस्कार केला होता आणि त्याबद्दल ते माझी क्षमा मागत होते.

काल संध्याकाळी ७:१२ ला त्यांचं ‘नमस्कार’ आलं. मी ७:१३ ला उत्तर दिलं, ‘नमस्कार, लॅबमधून बोलतेय. काय मदत करू?’ पुढे काही नाही. ७:२५ ला मी विचारलं, ‘आपण आहात का?’ तरी काही नाही. आठला माझी ड्युटी संपते, म्हणून ७:४५ ला आमचा ठरलेला मेसेज पाठवला, ‘आपल्याकडून प्रतिसाद न मिळाल्यामुळे हा संवाद बंद करण्यात येत आहे.’ चॅट बंद केली आणि घरी गेले.

आज तीच चॅट पुन्हा उघडून पाहिली. माझ्या तिन्ही मेसेजसमोर कालच्या वेळा होत्या, पण तिन्ही त्यांच्या फोनवर पोचले होते आज सकाळी ६:३८ ला. काल माझ्यासमोर राखाडी रंगाची एकच खूण होती. म्हणजे मेसेज आमच्याकडून निघाला होता, त्यांच्या फोनपर्यंत गेलाच नव्हता. मी खूण बघितलीच नाही, घड्याळ बघितलं. काकांनी सकाळी फोन चार्जिंगला लावला आणि पाठोपाठ तीन वाक्यं आली: काय हवंय, आहात का, बंद करतोय. माझ्या लेखी त्यांच्यामध्ये बत्तीस मिनिटं होती. त्यांना ती एका दमात ऐकू आली असणार, कुणी दारातच खडसावावं तशी.

शिवाय ‘बंद’ वाचून त्यांनी आपला प्रश्न विचारलाच नाही. मी लगेच लिहिलं, ‘काका, क्षमा तुम्ही मागायची नाही, मीच घाई केली. तुम्हाला काय विचारायचं होतं?’ मग कळलं की आज उपाशीपोटी शुगर द्यायला यायचं होतं आणि सकाळचा चहा चालतो का, एवढंच त्यांना हवं होतं. निदान आठ तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं, चहा बिनसाखरेचाही नको, असं मी कळवलं. पण साडेसहाचा चहा तोवर झाला होता. तपासणी उद्यावर गेली.

आमच्याकडे अशी नुसती नमस्काराची माणसं रोज येतात. थोडी जाहिरातीवर चुकून बोट पडलेली असतात. त्यांचं ‘हाय’ त्या बटणानेच लिहिलेलं असतं आणि पाठोपाठ दुसरंही काही येत नाही. पण बरीचशी, विशेषतः वयाने मोठी, थांबलेली असतात. कुणाच्या घरी गेलं की उंबऱ्यातून काम सांगत नाहीत. नमस्कार होतो, ‘या, बसा’ होतं, मग विषय निघतो. त्यांना समोरून ‘या’ ऐकायचं असतं. शिवाय देवनागरीत एकेक अक्षर शोधून लिहायचं तर पाच मिनिटं सहज जातात, आणि कुणी शेजारी बसून लिहून देणारं असेल तर त्याची वाट बघण्यात अख्खी संध्याकाळ.

म्हणून दुपारी गर्दी ओसरल्यावर मी आमची तिन्ही उत्तरं बदलली.

पहिल्या उत्तरात ‘काय मदत करू’ काढून टाकलं. आता लिहिते, ‘नमस्कार, लॅबमधून बोलतेय. रिपोर्ट हवा आहे, की तपासणीसाठी यायचंय? सावकाश सांगा, बोलून पाठवलंत तरी चालेल.’ यावर एका शब्दात उत्तर देता येतं. आज दोघांनी तसंच दिलं, नुसतं ‘रिपोर्ट’.

दुसरा मेसेज फक्त दोन खुणा दिसल्या तरच, आणि एकदाच. एक खूण असेल तर काहीच पाठवायचं नाही. आपलं पहिलं उत्तर तिथे वाट बघत असतंच. निळ्या खुणांवर मात्र भरवसा नाही, पुष्कळ जण त्या दिसू नयेत अशी सोय करून ठेवतात. राखाडी दोन आहेत म्हणजे वाचलं नाही, असं धरून चालता येत नाही.

खरा वेळ शेवटच्या मेसेजवर गेला. किती थांबायचं हे आधी ठरवावं लागलं. आम्ही तिघी एकाच नंबरवरून उत्तरं देतो, त्यासाठी लॅबने व्हॉट्सअ‍ॅपची मोठ्या कामाची सेवा घेतली आहे. तिथे गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास आपल्याला आपल्या शब्दांत लिहिता येतं. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचाच पाठवता येतो आणि तो नोटिशीसारखा वाचला जातो. म्हणजे सोमवारी ७:१२ ला आलेल्या नमस्काराला निरोप द्यायला मंगळवारी संध्याकाळी ७:१२ पर्यंत वेळ होता आणि मी तेहतीस मिनिटांत दार लावलं. आता ठरवलंय, संध्याकाळी आलेल्या नमस्काराला निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास द्यायचा. तेव्हा माणूस जागा असतो, आणि त्याने लगेच काही विचारलं तर डेस्कवर कुणीतरी असतं. तोवरही एकच खूण असेल तर तोही पाठवायचा नाही. आमच्या बाजूने चॅट बाजूला ठेवायची, बस.

मग शब्द. ‘प्रतिसाद न मिळाल्यामुळे’ यात ठपका आहे, तो गेला. ‘करण्यात येत आहे’ यात कुणी माणूसच नाही, तेही गेलं. ‘बंद’पाशी अडले. आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. रात्री ते ‘दुकान वाढवलं’ म्हणायचे, बंद केलं असं कधी म्हणाले नाहीत. निघताना आपणही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निरोपाची इतकी चांगली रीत घरात असताना मी लोकांना कचेरीची भाषा पाठवत होते, याचं फार वाईट वाटलं.

शेवटी हे ठरलं: ‘काल तुमचा नमस्कार मिळाला. तुमच्या सवडीने केव्हाही इथेच लिहा, सकाळी ७ ते रात्री ८ आम्ही आहोत. आत्ता येते.’ शेवटी प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलं नाही. प्रश्न विचारला की उत्तराचं ओझं पुन्हा त्यांच्यावर. ‘सेवा कशी वाटली’ हा आपोआप जाणारा मेसेजही अशा चॅटवर जाऊ नये म्हणून बंद करून घेतला. ज्याला अजून काही सेवा मिळालीच नाही, त्याला ते काय विचारायचं?

माझ्यासोबतच्या मुलीला ‘आत्ता येते’ खटकलं. लॅबच्या मेसेजमध्ये फार घरगुती वाटतं, आणि बाहेरगावचा माणूस म्हणेल की ही खरंच येतेय, रक्त घ्यायला! तिचं बरोबर आहे. घरी येऊन सॅम्पल नेण्याची सोय आमच्याकडे आहेच, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. तिथे ‘भेटूच’ केलं. मला ‘येते’च आवडलं होतं, पण वाचणाऱ्याला घोटाळा नको.

सात वाजून पन्नास मिनिटांनी निघताना एक नवं ‘नमस्ते’ आलं. उत्तर पाठवलं. पाच मिनिटं बसून राहिले, एकच राखाडी खूण. नोंदीत लिहिलं, ‘पोचलेलं नाही, दुसरं काही पाठवू नये,’ आणि सकाळच्या पाळीसाठी चॅट उघडीच ठेवून आले. काकाही उद्या सकाळी यायचे आहेत, चहा न घेता.