काय दिसते ना ती!

माझ्या नवऱ्याला सुंदर बायका दिसतात, आणि दिसल्या की तो बोलून दाखवतो. मलाच. लग्नाच्या हॉलमध्ये, लोकलच्या प्लॅटफॉर्मवर, बँकेच्या रांगेत. "ती मोरपंखी साडीवाली बघ, काय दिसतेय!" आवाज हळू, पण उत्साह असा की जणू कोहलीने सिक्सर मारलीय.

यावर माझ्या मैत्रिणींमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, "तोंडावर सांगतो ना, मग घाबरू नकोस. गप्प बसून बघणारे जास्त डेंजर." दुसरा म्हणतो, "तू हे ऐकून तरी कशी घेतेस?" मला दोन्ही पटत नाही. गप्प बसणारा वाईटच असतो असं नाही, आणि बोलणारा साधाभोळाच असतो असंही नाही. माझं लक्ष असतं ते वाक्य कुठे संपतं याच्याकडे.

"काय सुंदर दिसतेय ती," एवढ्यावर संपलं तर मीही मान वळवून बघते. बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं. मग मी त्याला सांगते की साडी मोरपंखी नाही, रामा ग्रीन आहे, आणि आमचं पुढचं भांडण रंगावरून होतं. पण त्याच वाक्याला शेपूट फुटलं, "दोन मुलं आहेत म्हणे तिला, वाटतं तरी का?" की मी तिच्याकडे बघायचं सोडून माझ्या पोटाकडे बघायला लागते. माझ्याबद्दल तो अवाक्षर बोललेला नसतो. तरी "या वयात", "नोकरी सांभाळून", "केस बघ कसे ठेवलेत" ही सगळी शेपटं घरी येतात ती माझ्याच अंगावर.

धाकटी तान्ही असताना तर फारच. जुने ब्लाउज दंडात अडकत होते, झोप तुकड्यातुकड्यात मिळत होती, आणि हा बातम्या बघता बघता म्हणाला, "ही निवेदिका किती फिट आहे, नाही?" मी उठून भात लावला आणि त्या रात्री बोललेच नाही. त्याला शेवटपर्यंत कळेना काय झालं, कारण त्याच्या हिशेबाने विषय निवेदिकेचा होता. एरवी मी हसून सोडलं असतं असं ते वाक्य. बोलणाऱ्याने तेच शब्द वापरले तरी ऐकणारी रोज तीच नसते, हे पुरुषांना सांगावं लागतं. निदान आमच्याकडे लागलं.

मानसशास्त्रातही यावर बरंच खोदकाम झालंय. 1989 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पुरुषांना मासिकातल्या मॉडेलची नग्न चित्रं दाखवली आणि मग स्वतःच्या बायकोबद्दल विचारलं. ती चित्रं बघितलेल्यांनी बायकोवरचं आपलं प्रेम कमी नोंदवलं. कितीतरी वर्षं हा निष्कर्ष छातीठोकपणे सांगितला जायचा. पुढे दुसऱ्या संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला आणि 2017 मध्ये निकाल छापला, तर तसं काही आढळलंच नाही. म्हणजे सुंदर बाई दिसली की घरची बाई फिकी पडते, हे वाटतं तितकं पक्कं नाही.

मला त्याहून आवडलेला प्रयोग 2011 चा. जोडीदार असलेल्या तरुण-तरुणींसमोर पडद्यावर चेहरे दाखवले, आणि काहींची नजर, त्यांना न कळेल अशा रीतीने, देखण्या चेहऱ्यांपासून दूर ठेवली. अशांना स्वतःचं नातं कमी समाधानकारक वाटू लागलं, आणि देखणे चेहरे उलट जास्त लक्षात राहिले. प्रयोगशाळेतल्या कॉलेजच्या पोरांवरून माझ्या मध्यमवयीन नवऱ्याचा निवाडा करता येत नाही, हे कबूल. पण "खबरदार इकडे तिकडे बघशील तर" असा हुकूम काढण्याची माझी हौस ते वाचून मावळली.

आपल्याकडे तर कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही, असं इतिहासाचे अभ्यासक म्हणतात. पण लोकांनी ती जपली, त्यातच आपल्याला काय आवडतं ते दिसतं. गोष्टीतले महाराज डोळे झाकून घेत नाहीत. तिच्या रूपाचं भरदरबारात कौतुक करतात, आणि त्याच वाक्यात आईचं नातं जोडून अंतरही आखतात. न बघणं ही सभ्यता नव्हे, बघून माणसाचा मान ठेवणं ही सभ्यता, असं त्या गोष्टीला म्हणायचं असावं.

म्हणून मी काही ठिकाणी मात्र अडून बसते. हॉटेलात वाढणाऱ्या मुलीला ऐकू जाईल असं काही बोललेलं मला चालत नाही. तिथे प्रश्न माझ्या रागाचा नसतो, तिच्या नोकरीचा असतो. तिला उलट बोलता येत नाही. मी काही सांगत असताना त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली तर तेही नाही. तेव्हा अपमान सौंदर्यामुळे होत नाही, अर्धवट ऐकल्यामुळे होतो. आणि वेगवेगळ्या बायकांऐवजी एकाच बाईचं नाव पुन्हापुन्हा येऊ लागलं, आज तिचा ड्रेस, उद्या तिचं हसू, परवा तिने डब्यात आणलेली भाजी, तर मी कान टवकारते. भाजी आली की विषय रूपाचा राहिलेला नसतो. एका मैत्रिणीच्या घरी नेमकं असंच झालं. ती मात्र बराच काळ भाजीची रेसिपी विचारत राहिली.

भांडणात मुद्दाम दुसरीचं रूप काढणारे असतात, त्यांच्याबद्दल काय लिहायचं? ते कौतुक करतच नसतात.

माझी खरी तक्रार निराळीच होती, आणि ती सापडायला मला वेळ लागला. तो इतरांबद्दल किती तऱ्हेने बोलतो! हिचे डोळे बोलके, तिची चाल डौलदार, अमुकचा आवाज मधाळ. आणि मी तासभर निऱ्या सारख्या करून, गजरा माळून बाहेर आले की, "झालं का? रिक्षा उभी आहे." सगळी विशेषणं परक्या बायकांना वाटून हा घरी रिकाम्या हाताने यायचा. मला त्याची नजर आवरायची नव्हती, माझा वाटा हवा होता.

मी सासूबाईंकडे हे बोलले, तर त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "याचे बाबा कधी कुणाला सुंदर म्हणाले नाहीत." मी म्हटलं, किती छान! "छान कसलं," त्या म्हणाल्या, "मलाही नाही."

मग एका रविवारी, भांडण चालू नसताना, मी नवऱ्याला सांगितलं. खुशाल बघ, खुशाल बोल, पण कौतुक करताना मला मापात घालू नकोस. आणि बाहेर निघताना आधी माझ्याकडे नीट बघ. त्याने प्रामाणिकपणे विचारलं, "रोज?" मी म्हटलं, रोज. सुरुवातीला तो परीक्षेला बसल्यासारखा माझ्यासमोर उभा राहून शब्द शोधायचा. "हे कानातले... गोल आहेत." आता बरा सुधारलाय.

मीही तोंड उघडायला शिकलेय. परवा नात्यातल्या साखरपुड्यात मुलाचे काका दिसले. पांढरी दाढी, ताठ कणा, हातमागाचा कुर्ता. मी म्हटलं, "काय देखणा माणूस आहे!" नवऱ्याने बघितलं, मान डोलावली. मग पोट जरासं आत ओढून, शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "माझ्यापेक्षा?"

म्हटलं, "तुलना करायची नाही असं ठरलंय ना आपलं? जिलबी घे."