आमची वाटचाल: एकशे बारा होकार आणि अकरा आगाऊ रकमा

आमचा व्यवसाय 1996 साली नौपाड्यातील एका गाळ्यात, दोन घरघंट्या आणि एक मसाला कांडप यंत्र घेऊन सुरू झाला. भाजणी, मेतकूट आणि नाचणी सत्त्व या तीन जिनसांवर आम्ही उभे राहिलो, आणि पुढे वागळे इस्टेटमध्ये थोडी मोठी जागा घेतली. आमच्या भागीदार वहिनी पहिल्या दिवसापासून भट्टीवर होत्या, आणि भाजणीतील धान्य कोणत्या क्रमाने भाजायचे हे आजही त्याच ठरवतात. मधल्या वर्षांबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही, कारण माल तयार होत होता आणि विकला जात होता. सांगायचे आहे ते 2013 मध्ये माझ्याच हाताने झालेल्या एका सर्वेक्षणाबद्दल, ज्याने ही फर्म जवळजवळ बंद पाडली, आणि 2016 मधील दुसऱ्या सर्वेक्षणाबद्दल, ज्याच्या आधारावर आम्ही आज उभे आहोत.

नाचणीच्या इडलीचे भिजवून वाटलेले पीठ बाजारात आणावे, असे आमच्या मनात आले होते. मागणी आहे की नाही हे पाहण्यासाठी ठाण्यातील एका खाद्यप्रदर्शनात आम्ही तीन दिवस टेबल मांडले, येणाऱ्यांच्या हातात गरम इडली दिली आणि लगेच अर्ज पुढे केला. प्रश्न असा होता: ‘घरच्यासारखे, पौष्टिक आणि ताजे नाचणी इडलीचे पीठ आमच्याकडे मिळू लागले, तर तुम्हाला आवडेल का?’ एकशे बारा अर्ज भरले गेले आणि एकशे बाराही जणांनी ‘हो’वर खूण केली. मी तो गठ्ठा बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला, सहा लाखांचे कर्ज घेतले, कलता वेट ग्राइंडर आणि दोन डीप फ्रीज आणले, आणि रोज ऐंशी किलो पीठ वाटायला सुरुवात केली.

खपले ते रोजचे वीस-बावीस किलो. उरलेले पीठ दुकानांच्या फ्रीजमध्ये आंबत राहिले. ओले पीठ पाकिटात गेल्यावरही आंबण्याची क्रिया थांबत नाही, थंडीने ती फक्त मंदावते, आणि दुकानदार रात्री वीज वाचवण्यासाठी फ्रीज बंद करत असेल तर सकाळी वायूने फुगलेली पाकिटे परत येतात. पाचव्या महिन्यात पगार थकले आणि वहिनींनी स्वतःच्या बांगड्या गहाण ठेवून कामगारांची दिवाळी केली, हे मी लिहून ठेवले पाहिजे. त्याच काळात आमच्याच मालाच्या वितरणाचे काम पाहणाऱ्या एका गृहस्थांनी दुकानदारांकडे ‘यांचे पीठ टिकत नाही’ असे सांगत स्वतःचे साधे इडली पीठ सुरू केले, तेही अर्ध्या किलोच्या पाकिटात, तर आमचे पाकीट एक किलोचे होते. त्यांनी आमच्या चुकीवर दुकान मांडले, याचे दुःख अजून गेलेले नाही. पण चूक आमचीच होती, आणि ती पिठात नव्हती, विचारण्यात होती.

हे मला पहिल्यांदा स्पष्ट सांगितले ते पाचपाखाडीच्या काकूंनी. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि 1997 पासून दर महिन्याला आमची दोन किलो भाजणी घेतात. तो जुना अर्ज वाचून त्या म्हणाल्या, ‘अहो, हातात इडली देऊन तुम्ही मालक स्वतः समोर उभे राहून विचारलंत, तर मी नाही कशी म्हणणार? आणि आवडेल का, असं विचारलंत, घ्याल का, असं विचारलंच नाहीत.’ त्यांनी लाल पेनने ‘घरच्यासारखे’, ‘पौष्टिक’ आणि ‘ताजे’ हे तीनही शब्द खोडले, कारण या शब्दांना कोणीही नाही म्हणत नाही. प्रदर्शनात येणारी माणसे मुळातच खाण्याच्या नव्या वस्तूंची हौस असणारी होती, आणि त्यातील कित्येक डोंबिवली-मुलुंडची, म्हणजे आमची स्कूटर जिथे पोचत नव्हती तिथली होती. एकशे बाराच्या जागी अकराशे अर्ज भरून घेतले असते तरी तीच चूक दहापट मोठ्या गठ्ठ्यात मिळाली असती.

2016 मध्ये पुन्हा विचार केला तेव्हा आधी ठरवले की कोणाला विचारायचे. आमचा मुलगा पीठ पोचवू शकेल असा घोडबंदर रस्त्यावरील पट्टा घेतला आणि तेथील सहा सोसायट्यांच्या सचिवांकडून परवानगी आणि सदनिकांची यादी मिळवली. एकूण 1,920 सदनिका होत्या आणि आम्हाला सुमारे 120 घरे निवडायची होती, म्हणजे दर सोळाव्या घरात जायचे. सुरुवात कुठून, हे आम्ही ठरवले नाही, एक ते सोळा आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून अकरा आकडा निघाला, म्हणून यादीतील अकरावे, सत्ताविसावे, त्रेचाळिसावे असे पुढे जात राहिलो. यादी इमारतीनुसार आणि मजल्यानुसार लावलेली असल्यामुळे वरचे-खालचे मजले आणि लहान-मोठी घरे आपोआप विखुरली गेली. मात्र एका सोसायटीत प्रत्येक मजल्यावर नेमक्या चारच सदनिका होत्या, आणि तिथे सोळाच्या अंतराने प्रत्येक वेळी जिन्याशेजारचीच लहान सदनिका येत होती. वहिनींनी ते पाहिले, आणि त्या सोसायटीपुरती आम्ही घरे चिठ्ठ्या टाकून निवडली. अशी एकसारखी रचना यादीत दडलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय कोणीही अंतर मोजून नमुना घेऊ नये.

पहिल्या दोन दुपारी दारे उघडली ती फक्त आजी-आजोबांनी. ज्यांच्यासाठी हे पीठ करायचे होते ती नोकरदार जोडपी तेव्हा कचेरीत होती. म्हणून बंद घरी रात्री आठनंतर आणि रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पुन्हा जायचे, असे ठरवले, तीन फेऱ्यांपर्यंत. शेजारचे दार उघडे आहे म्हणून त्या घरी विचारायचे नाही, ही सक्त सूचना होती, कारण दुपारी उघडे असणारे दार आणि बंद असणारे दार यांतील माणसे वेगळ्या तऱ्हेने स्वयंपाक करतात. अखेरीस 120 पैकी 9 घरे कायम बंद निघाली, 8 जण तिन्ही फेऱ्यांत भेटले नाहीत, 12 जणांनी नकार दिला, आणि 91 अर्ज पूर्ण झाले.

प्रश्नांवर मी त्याहून जास्त वेळ घालवला. आधी ओळखीच्या दहा घरी कच्चा अर्ज नेला आणि प्रत्येकीला, ‘तुम्हाला या प्रश्नात काय विचारले आहे असे वाटते, ते तुमच्या शब्दांत सांगा,’ अशी विनंती केली. ‘तुम्ही तयार पीठ विकत घेता का?’ या प्रश्नाला दहापैकी सात जणींनी हो म्हटले, आणि त्यातील चौघी गिरणीतून दळून न आणता पिशवीबंद गव्हाचे पीठ घेतात, याबद्दल बोलत होत्या! तो एक शब्द तसाच राहिला असता तर आम्ही पुन्हा ग्राइंडर चालू करून बसलो असतो. ‘नेहमी’ आणि ‘कधीकधी’ हे शब्दही काढले, कारण एका घरी महिन्यातून एकदा म्हणजे नेहमी होते, तर दुसऱ्या घरी आठवड्यातून एकदा म्हणजे कधीकधी. ‘चव आणि किंमत योग्य वाटते का?’ हा प्रश्न काकूंनी तोडून दोन केला, कारण चव योग्य आणि किंमत अयोग्य वाटणाऱ्या माणसाने खूण कुठे करायची?

अंतिम अर्जात आधी घडून गेलेल्या गोष्टी विचारल्या: ‘गेल्या रविवारपासून आजपर्यंत घरी इडली किंवा डोसा झाला का? त्यासाठी भिजवून वाटलेले पीठ घरी वाटले की विकत आणले? विकत आणले असल्यास पाकीट किती वजनाचे होते, आणि कोणत्या दिवशी आणले?’ नाचणीचा उल्लेख त्यानंतर आला आणि किंमत सर्वांत शेवटी. अर्ज घेऊन जाणाऱ्या दोघी महाविद्यालयीन मुली होत्या, त्यांच्या अंगावर आमच्या नावाचा एप्रन नव्हता, आणि फर्मचे नाव त्या अगदी अखेरच्या प्रश्नाच्या वेळी सांगत असत. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा, असे बजावूनही त्यातील एकीने पहिल्या दिवशी ‘म्हणजे काकू, तब्येतीला चांगलं असतं ना, ते,’ अशी भर घातली. त्या दिवशीचे सहा अर्ज आम्ही बाजूला ठेवले, आणि त्या घरांची क्षमा मागून दुसऱ्या मुलीकडून पुन्हा भरून घेतले.

91 पैकी 58 घरी त्या आठवड्यात इडली किंवा डोसा झाला होता आणि त्यातील 31 घरांनी पीठ विकत आणले होते. या 31 पैकी 24 घरांनी अर्धा किलो किंवा त्याहून लहान पाकीट घेतले होते, बहुतेकांनी शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी. आमचे एक किलोचे, रोज दुकानात जाणारे पाकीट का पडून राहिले, ते मला तीन वर्षांनी या दोन ओळींत वाचायला मिळाले.

किंमत विचारताना एकाच माणसापुढे तीन आकडे ठेवले तर तो स्वाभाविकपणे सर्वांत लहान आकड्याकडे बोट दाखवतो. म्हणून आम्ही अर्ज तीन प्रकारे छापले, त्यांचा गठ्ठा पिसला आणि प्रत्येक घराला एकच किंमत विचारली. नाचणी-उडीद डोशाच्या अर्धा किलो पिठासाठी 40 रुपयांना 30 पैकी 14 जणांनी होकार दिला, 50 रुपयांना 31 पैकी 12 जणांनी आणि 65 रुपयांना 30 पैकी 4 जणांनी. चौदा आणि बारा यांतील फरक एवढ्या थोड्या अर्जांत काहीच सिद्ध करत नाही, पण 65 वरची घसरण मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती, म्हणून भाव 50 ठरला.

तरीही होकार तो होकारच. जे तीस जण हो म्हणाले, त्यांना त्याच वेळी विचारले, ‘येत्या शुक्रवारी पाकीट हवे असल्यास 20 रुपये आगाऊ द्याल का? पावती देतो.’ अकरा जणांनी पैसे काढून दिले. एक्याण्णवात अकरा म्हणजे बारा टक्के. एवढ्या नमुन्यावर खरा आकडा साधारण पाच ते एकोणीस टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, असे गणित सांगते, आणि जे 20 जण भेटले नाहीत किंवा बोलले नाहीत ते घेणारे नाहीत असे धरणे शहाणपणाचे होते. मी मधला आकडा घेतला नाही. बंद घरे वजा केल्यावर राहणाऱ्या सुमारे 1,780 घरांच्या पाच टक्के, म्हणजे आठवड्याला नव्वद पाकिटे, एवढ्याचीच तयारी केली, आणि जुना ग्राइंडर फक्त गुरुवारी रात्री भिजवलेल्या नाचणी-उडदासाठी शुक्रवारी सकाळी चालवला. पहिल्या महिन्यात आठवड्याला सरासरी 118 पाकिटे गेली आणि एकही फुगून परत आले नाही, कारण माल दुकानात न ठेवता त्याच संध्याकाळी घरी पोचत होता.

कर्जाचा शेवटचा हप्ता 2019 मध्ये फिटला आणि वहिनींच्या बांगड्या त्याआधीच सुटल्या होत्या. आता ऐरोलीत माल द्यावा असे आमची मुले म्हणतात. घोडबंदर रस्त्याचे बारा टक्के ऐरोलीला लागू पडतील असे धरायला मी तयार नाही, म्हणून तेथील तीन सोसायट्यांच्या सचिवांकडे सदनिकांच्या यादीसाठी अर्ज दिला आहे. एका सचिवांनी यादी दिली आहे, दोघांकडून यायची आहे, आणि कच्चा अर्ज सध्या पाचपाखाडीला काकूंकडे वाचायला ठेवला आहे.