हजाराचे आठशे

संपादकीय पानाच्या तळाशी सायंकाळी उशिरा जाहिरात आली आणि मुख्य लेखाची जागा कमी झाली. लेख पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांचा होता आणि तो बरोबर हजार शब्दांचा होता. जाहिरातीनंतर आठशे शब्दच बसणार होते. एक पंचमांश मजकूर कमी करणे हे अडचणीचे काम असते, कारण केवळ शब्द वेचून एवढी जागा निघत नाही आणि एखादा पूर्ण मुद्दा गाळावा तर लेख लंगडा होतो.

म्हणून मी प्रथम काहीही न कापता लेख वाचला आणि त्याचा दावा एका वाक्यात समासात लिहून ठेवला: पाणी अडवल्याने दुष्काळ हटत नाही, पाणी कोणत्या पिकाला द्यायचे हे गावाने ठरवले तरच हटतो. पुढे प्रत्येक परिच्छेद वाचताना तो गेला तर हे वाक्य उभे राहते का, एवढाच प्रश्न मी विचारत गेलो.

सुरुवात 1972च्या दुष्काळाच्या आठवणींनी होती. नव्वद शब्दांचा तो परिच्छेद चांगला लिहिलेला असला तरी दाव्याला काहीच देत नव्हता, म्हणून तो पूर्ण गेला. खरा पेच उदाहरणांचा होता. 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले गेले, त्याचे वर्णन लेखकांनी सत्तर शब्दांत केले होते आणि साऱ्या लेखात तेच सर्वांत देखणे होते. त्यामानाने हिवरे बाजारचा परिच्छेद रूक्ष होता. मात्र रेल्वे टंचाई किती भीषण होती एवढेच दाखवते, टंचाई टळते कशी हे दाखवत नाही. पिकांचा निर्णय गाव घेते म्हणजे नेमके काय, हे फक्त हिवरे बाजारच्या परिच्छेदात होते. लातूरला मी वीस शब्दांच्या एका वाक्यात आणले. अशा प्रकारे एकशे चाळीस शब्द कमी झाले.

उरलेले साठ वाक्यांच्या आतून काढायचे होते. मूळ लेखातील एक वाक्य असे होते: ‘या सर्व पार्श्वभूमीवर येथे हे लक्षात घेणे अत्यंत गरजेचे आहे, की हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पावसाळा संपल्यानंतर गावातील पाण्याचा ताळेबंद मांडण्यात येतो आणि त्या ताळेबंदाच्या आधारे कोणती पिके घ्यायची याबाबतचा निर्णय ग्रामसभेमध्ये घेण्यात येतो.’ ते मी असे केले: ‘हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणती पिके घ्यायची हे त्यावरून ग्रामसभा ठरवते.’ तेहतीस शब्दांचे अठरा झाले. शिवाय ‘मांडण्यात येतो’मध्ये लपलेला कर्ता समोर आला, आणि लेखाचा सारा वाद त्या कर्त्याविषयीच होता. सिंचनासाठी बोअरवेलवर बंदी आहे, ऊस आणि केळी घेत नाहीत, या बारीक अटींना मात्र मी हात लावला नाही. त्या काढल्या तर ताळेबंद हा निव्वळ कागदी सोपस्कार वाटला असता.

शेवटाकडे एक कबुली होती, की इतकी वर्षे टिकणारे गावनेतृत्व सगळीकडे मिळत नाही. घाईत पहिली कात्री चालते ती अशाच परिच्छेदावर, कारण तो लेखकाच्या विरोधात बोलतो. पण महाराष्ट्राच्या 2009च्या भूजल कायद्याची अंमलबजावणी का हवी, हा लेखाचा पुढचा टप्पा त्याच कबुलीवर उभा होता. तिचे शब्द कमी केले, ती ठेवली.

मग मजकूर पुन्हा वरपासून वाचला. एका ठिकाणी ‘वर उल्लेखिलेल्या दुष्काळात’ असे राहून गेले होते, आणि तो दुष्काळ तर आता लेखात नव्हता. चौकटीसाठी आधीच निवडलेले वाक्य लातूरच्या कापलेल्या भागातले निघाले, म्हणून चौकटीत ग्रामसभेचे वाक्य घेतले.

पान सोडण्यापूर्वी मी लेखकांना फोन केला आणि बदललेला मजकूर वाचून दाखवला. दुष्काळाचा परिच्छेद गेल्याचे त्यांनी मनावर घेतले नाही. रेल्वेबद्दल ते म्हणाले, “अहो, लोकांच्या लक्षात तेच राहतं.” मी म्हणालो, “सर, म्हणूनच धास्ती वाटते. वाचकाला गाडी आठवेल, पिकांचं विसरेल.” क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “बोअरवेलची ओळ आहे ना?” ती आहे म्हटल्यावर त्यांनी होकार दिला, फक्त ‘सिंचनासाठी’ हा शब्द सुटू देऊ नका, पिण्याच्या पाण्याला बंदी नाही, असे दोनदा बजावले. मी पानावर ती ओळ पुन्हा तपासली आणि मजकूर पान लावणाऱ्याकडे दिला.