ट्रेंडलाइनची वही, आठवडा ११: तीन कँडल जगलेली रेघ

मंडळी, या आठवड्यात नवीन चार्ट एकही उघडला नाही. जुन्या सरावाचा एकच चार्ट घेतला, भविष्य झाकलं आणि एकेक कँडल पुढे सरकवत गेलो. दोन चढत्या रेघा निघाल्या, एक संथ आणि एक उभी. उभी रेघ लवकर मोडते हे ठाऊक होतंच. पण ती का मोडते याचं माझं कारण चुकीचं होतं. मला वाटायचं, भाव दमतो आणि कोसळतो. इथे भाव कोसळलाच नाही.

आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. पहिला तळ कँडल ० वर, २००. मग ६ व्या कँडलला शिखर २१९, आणि १० व्या कँडलला दुसरा तळ २१२. इथेच रेघ ओढायला हात शिवशिवतो. पण दुसरा तळ हा खरंच तळ होता का, हे त्या क्षणी कळत नाही. मी आता एकच नियम पाळतो: मधलं शिखर ओलांडून भाव बंद झाला की मगच रेघ. तसं १४ व्या कँडलला झालं. १० कँडलमध्ये १२ अंक, म्हणजे चढ कँडलमागे १.२.

ही रेघ १४ व्या कँडलला जन्मली खरी, पण अजून कच्ची. कुठल्याही दोन बिंदूंमधून रेघ जातेच, त्यात बाजाराचं काही कर्तृत्व नाही. परीक्षा तिसऱ्या स्पर्शाची, आणि तो स्पर्श रेघ ओढताना न वापरलेला हवा. गेल्या महिन्यापर्यंत मी काय करत होतो, तर तिसरा तळ थोडा खाली आला की रेघ जराशी वाकवून त्याला टेकवायची आणि वहीत ‘तीन स्पर्श’ लिहायचं. हे म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं. रेघ हलवली की मोजणी पुन्हा दोनावर येते, असं आता वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आहे.

तिसरा तळ २५ व्या कँडलला आला, २३१. रेघ तिथे २३० वर होती. एका अंकाचा फरक चालतो का? मी १४ कँडलच्या एटीआरचा, म्हणजे कँडलमागच्या सरासरी हालचालीचा, पाव भाग सूट देतो. या चार्टवर एटीआर साधारण ५, म्हणून सूट सव्वा अंकाची, स्पर्श मान्य. पाव भाग हा माझा आकडा आहे, कुणी जास्त घेईल. मात्र तो आधी ठरवायचा आणि प्रत्येक स्पर्शाला तोच लावायचा. कँडलच्या विकच्या, म्हणजे बारीक शेपटीच्या, टोकांवरून रेघ ओढायची की क्लोजवरून, याचंही तसंच. मी तळांच्या विक घेतो, रेघ मोडली की नाही हे मात्र क्लोजवर ठरवतो. लागोपाठ दोन-तीन कँडल रेघेला चिकटल्या तर तो एकच स्पर्श. मध्ये भाव रेघेपासून नीट दूर जाऊन परत यायला हवा.

आता उभी रेघ. २५ च्या तळानंतर भाव सुसाट निघाला. २८ व्या कँडलला शिखर २५१, ३० व्या कँडलला तळ २४६. तळ २३१ वरून २४६ वर, तेही फक्त पाच कँडलमध्ये, म्हणजे कँडलमागे ३ अंक. मधलं शिखर ३२ व्या कँडलला ओलांडलं गेलं, तेव्हा रेघ ओढली. दिसायला झकास.

३३ व्या कँडलचा क्लोज २६१, रेघ २५५ वर. अंतर ६. इथे मी पहिल्यांदा एक साधा भागाकार केला:

`(क्लोज − रेघ) ÷ कँडलमागे चढ`

उत्तर २. म्हणजे भाव नुसता जागच्या जागी थांबला तरी दोन कँडलमध्ये रेघ त्याला गाठणार. त्याच कँडलला संथ रेघ २३९.६ वर होती. अंतर २१.४, भागिले १.२, जवळजवळ १८ कँडल. एकाच भावाला एका रेघेने दोन कँडलची उसंत दिली, दुसरीने अठराची.

पुढे तेच झालं. ३४ चा क्लोज २६०, रेघ २५८. ३५ चा क्लोज पुन्हा २६०, रेघ २६१. मोडली. ३६ ला क्लोज २५९ आणि रेघ २६४ वर पोचलेली. तीन कँडलमध्ये भाव एकूण २ अंक उतरला, एटीआरच्या निम्मासुद्धा नाही. त्याला कुणी ‘ब्रेकडाउन’ म्हटलं असतं तर मी हसलो असतो. पण चार्टवर कँडल रेघेखाली गेलेली दिसते आणि आपण घाबरून विकतो. उभी रेघ टिकायची तर भावाने प्रत्येक कँडलला ३ अंक, म्हणजे एटीआरच्या ६० टक्के, चढत राहायला हवं. संथ रेघेला २४ टक्के पुरतात. कुठलाच भाव श्वास न घेता पळत नाही आणि उभ्या रेघेला तो श्वासच खपत नाही.

तिचं आयुष्य मोजलं: ३२ ला ओढली, ३५ ला मोडली. तिसरा स्पर्श आलाच नाही, यायला वेळच नव्हता. उभ्या रेघेचे तळ जवळजवळ असतात, आणि ती नियमाने ओढण्याजोगी होईपर्यंत उसळीचा बराच भाग उरकलेला असतो. जुन्या चार्टवर मागे वळून ओढलेली तीच रेघ सुंदर दिसते, कारण तेव्हा आपल्याला तळ आधीच ठाऊक असतात.

‘उभी’ म्हणजे किती अंश, असं विचारू नका. स्क्रीनवरचा कोन झूम बदलला की बदलतो. चार्ट आडवा ताणला तर हीच रेघ सपाट दिसेल. म्हणून मी कोन पाहणं सोडलं आणि चढ भागिले एटीआर एवढंच लिहितो.

रेघ मोडल्यावर भाव ४२ व्या कँडलला २५० पर्यंत आला. संथ रेघ तिथे २५०.४ वर. सुटीत बसणारा चौथा स्पर्श, क्लोज २५३. तिथून ५० व्या कँडलला नवं शिखर झालं, २६८. त्या वेळी उभी रेघ कुठे होती म्हणता? ३०६ वर! भावाने नवा उच्चांक केला तोही तुटलेल्या रेघेच्या कितीतरी खाली. उभी रेघ तुटल्यावर भाव तिला खालून शिवायला येईल म्हणून थांबणाऱ्यांनी हे पाहावं. ती रेघ वर पळत राहते, भेट होतेच असं नाही.

शेवटची नोंद संथ रेघेची, कारण तीही अमर नव्हती. ५० व्या कँडलचा क्लोज २६७, रेघ २६०, अंतर ७, भागाकार जेमतेम ६. भाव २६७ च्या आसपास रेंगाळला, आणि ५७ व्या कँडलला २६२ वर बंद झाला. रेघ २६८.४ वर होती. चार स्पर्शांची, ४३ कँडल जगलेली रेघ गेली. या वेळी मात्र भाव एकाच कँडलमध्ये एटीआरएवढा घसरला, म्हणून वहीत ‘थांबून मोडली’ न लिहिता ‘रेंगाळली, मग पडून मोडली’ असं लिहिलं. ४२ चा २५० चा तळ अजून शाबूत आहे. पुढच्या कँडल झाकूनच ठेवल्या आहेत. रविवारी ५८ वरून सुरू.