अकराने भागल्यावर उरणारी बाकी

अकरा ही मूळ संख्या आहे. क्रिकेटच्या मॅचच्या हिशेबाला बसेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. मैदानाचं भाडं, बॉल आणि अंपायरचं मानधन यांची बेरीज करून अकराने भागायला घ्यावं, तर दशांश चिन्हापुढे आकड्यांची शेपटी वाढतच जाते. कुणाकडे 363 पूर्णांक 63 सुटे नसतात. म्हणून कप्तान सोयीचा आकडा कळवतो आणि उरलेली बाकी निमूटपणे आपल्या खिशातून भरतो. दोनचार मॅचेसनंतर तोच वैतागून ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकतो. तो वैताग टाळायचा, तर मेसेज मॅचनंतर नव्हे, आधी जायला हवा, आणि त्यात नुसता आकडा नको, तो आकडा कुठून आला तेही हवं.

एक नमुना घेऊ. आकडे मांडणीपुरते आहेत, आपापले घालावेत.

"मंडळी, रविवारच्या मॅचचा हिशेब. मैदान 5000, आपला अर्धा वाटा 2500. दोन अंपायर प्रत्येकी 700 आणि स्कोअरर 400, मिळून 1800, आपले 900. आपल्या बॉलिंगचा नवा बॉल 600. एकूण 4000. अकरा जण, प्रत्येकी 370. वरचे 70 टीमच्या खात्यात जमा. नावं शुक्रवारी रात्री नऊला बंद. त्यानंतर गळलात तर 310 द्यावे लागतील. बदली माणूस दिलात तर काही नाही, तो 370 देईल. 'बघतो' म्हणजे नाव नाही."

मेसेज एवढाच, पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे एकेक भांडण मिटवलेलं आहे.

पहिलं भांडण अर्ध्या वाट्याचं. मैदान आणि अंपायर दोन्ही संघांचे, म्हणून खर्च आधी संघांमध्ये निम्मा करायचा आणि मगच माणसांत वाटायचा. काही उत्साही मंडळी सगळा खर्च एकत्र करून मैदानावर हजर असलेल्या सगळ्या डोक्यांनी भागतात. वरवर ते न्याय्य वाटतं. पण समोरचा संघ आठच जण घेऊन आला, तर एकोणीस डोक्यांत त्यांचा वाटा आपोआप लहान होतो आणि त्यांच्या गैरहजरीचे पैसे आपण भरतो. समोरून आठ आले काय किंवा अकरा आले काय, त्यांचे 2500 ठरलेले. हे पैसे मैदान ठरवतानाच समोरच्या कप्तानाकडून घ्यावेत. मॅच हरलेल्या संघाकडून संध्याकाळी निम्मं भाडं मागणं हा अवघड प्रकार आहे.

दुसरं भांडण बॉलचं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण बॉलचा खर्च बाकीच्या दोघांसारखा वागत नाही. मैदानाचे पैसे तारीख पक्की झाली की गेले. अंपायरचं मानधन उभं राहण्याचं असतं, षटकांचं नव्हे. समोरचा संघ चौदाव्या षटकात गुंडाळला गेला म्हणून त्यात कपात होत नाही. बॉलचं तसं नसतं. वेष्टणातून निघाला नाही, तर तो पुढच्या मॅचला तसाच चालतो. म्हणून गळालेल्या माणसाकडून मैदान आणि अंपायरचा वाटा घ्यायचा, बॉलचा माफ करायचा. मैदान आणि अंपायर मिळून 3400, अकराने भागल्यास 309 आणि वर चिल्लर, म्हणजे 310. बॉलचे 600 दहांत वाटले की प्रत्येकी 60. थोडक्यात, शनिवारी रात्री कुणी गळाला तरी रविवारी आलेल्या दहा जणांना 370 च पडतात, 310 न आलेल्याकडून येतात, आणि 4010 जमून खर्च भागतो. आलेल्यांचा आकडा बदलला नाही, की न आलेल्यावर चिडायचंही फारसं कारण उरत नाही. हा वेगळा भाग न करता सरसकट "गळालात तरी पूर्ण पैसे" असं लिहिलं, तर न टाकलेल्या बॉलचे पैसे का, हा प्रश्न येतो आणि तो रास्त असतो. उलट गळालेल्याला सगळंच माफ केलं, तर दहा जणांना 400 पडतात. एकदा चालतं. पण तीन रविवार असं झालं, की वेळेवर येणारेच आधी कंटाळतात.

साधारण रिवाज असा, की ज्या संघाची बॉलिंग त्याचा बॉल. दोन्ही संघ एकाच प्रतीचा बॉल आणतील, हे आधी बोलून घ्यावं. चार तुकड्यांच्या चामड्याचा बॉल महाग पडतो, पण त्याचा आकार जास्त टिकतो. दोन तुकड्यांचा स्वस्त बॉल काही षटकांतच वेडावाकडा होऊ लागतो, आणि मग अंपायर तो मापाच्या कड्यातून घालून बघतात. बॉल हरवला किंवा खेळण्यालायक राहिला नाही, तर नियमाप्रमाणे बदली बॉल साधारण तितकाच झिजलेला लागतो, कोरा करकरीत चालत नाही. म्हणून टीमकडे जुन्या बॉलचा डबा हवा, आणि प्रत्येक बॉलवर पेनने षटकं लिहिलेली हवीत: 8, 15, 20. वरच्या हिशेबात मागे राहिलेले 70 याच डब्याचे आहेत. दहा मॅचेसचे 700 होतात, त्यात एक नवा बॉल येऊन शंभर उरतात. तिसऱ्याच षटकात बॉल झाडीत गेला तर तो आणायचा कुठून, हा प्रश्न या सत्तरांनी आधीच सोडवलेला असतो. हरवलेल्या बॉलचे पैसे षटकार मारणाऱ्याकडून घ्यावेत अशी सूचना दर मोसमात कुणीतरी करतंच. ती सहसा बॉलरकडून येते.

आता नावं बंद करण्याची वेळ. क्रिकेटच्या नियमांत टॉसआधी तीन गोष्टी अपेक्षित असतात. कप्तानाने आपल्या खेळाडूंची नावं अंपायरला लेखी द्यायची, वापरायचे बॉल अंपायरच्या ताब्यात असायचे, आणि टॉस खेळ सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेच्या आधी 30 ते 15 मिनिटांच्या दरम्यान व्हायचा. म्हणजे त्या कागदावर जी अकरा नावं जातात, तीच पैशांचीही यादी. हिशेबाला याहून नेमका कागद मिळायचा नाही. फक्त ती यादी मैदानावर ठरवायची म्हटली, तर उशीर होतो, कारण बदली माणूस शोधायला निदान एक पूर्ण दिवस लागतो. शुक्रवारी रात्री नऊ ही वेळ त्यासाठीच आहे. शनिवार शोधाशोधीला मोकळा राहतो.

"बघतो" या शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. मराठीत त्याचा अर्थ हो, नाही आणि बायकोला विचारतो, यांपैकी काहीही असू शकतो. अंगठ्याचं चित्रही तसंच. ते मेसेज वाचल्याचं आहे की येण्याचं, हे पाठवणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. कप्तानाने यादी स्वतः लिहावी, एक ते अकरा क्रमांक टाकून, आणि ज्याला यायचं त्याने ती यादी उचलून आपलं नाव पुढच्या रिकाम्या क्रमांकावर घालावं. पैसे आले की कप्तान नावापुढे "जमा" लिहितो. दोन मिनिटांचं काम आहे, पण खासगीत "अरे, तुझे राहिलेत" असे आठ मेसेज टळतात.

बारावा आला तर? नियमाप्रमाणे बदली क्षेत्ररक्षकाला बॉलिंग करता येत नाही, बॅटिंगही नाही. त्याच्याकडून पूर्ण वाटा घेणं मला पटत नाही. कडाक्याच्या उन्हात दुसऱ्याच्या जागी सीमारेषेवर पळणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. पण मैत्रीच्या मॅचमध्ये दोन्ही कप्तान कधीकधी बारा-बारा जण खेळवायचं ठरवतात. मैदानात अकराच, पण बॅटिंग बाराही जणांना. तसं ठरलं तर 4000 ला बाराने भागावं. प्रत्येकी 333 आणि चिल्लर येते, 340 घ्यावेत, 80 डब्यात. हे ठरणं मात्र टॉसच्या आधीचं, आणि दोन्हीकडे सारखं.

एक तक्रार कुठल्याच सूत्रात बसत नाही. नवव्या क्रमांकावर नाव, बॅट हातात आली नाही, एक षटकही मिळालं नाही, आणि तरी 370. या माणसाला पैशांत सूट देऊ नये. सूट दिली की पुढच्या वेळी शून्यावर बाद झालेला सलामीवीर हात वर करतो. नवव्या क्रमांकाच्या त्या माणसाला षटकं द्यावीत. पुढच्या मॅचला सहाव्या क्रमांकावर पाठवावं, आणि तसं त्याच मेसेजच्या खाली लिहून टाकावं, म्हणजे कप्तानाच्या सोयीस्कर विस्मरणाला जागा राहत नाही. कप्तानाला वाटा माफ असेल तर तेही लिहावं. धावपळ त्याची असते, माफ करायला हरकत नाही. पण मग बाकीच्यांना प्रत्येकी 400 पडतात, हे दिसलं पाहिजे.

पावसाचं थोडक्यात. टॉसआधीच मॅच रद्द झाली आणि मैदानवाल्याने दुसरी तारीख दिली, तर 2500 पुढे ओढायचे, बॉल न उघडता ठेवायचा. अंपायर येऊन उभे राहिले असतील तर त्यांना किती द्यायचं, हे त्यांच्याशी ठरवतानाच विचारून घ्यावं. निम्मं ठरलं असेल तर आपल्या वाट्याला 450, माणशी 41. ते यादीतल्या अकरा जणांच्या जमा पैशांतून वळते करायचे. उरलेले 329 त्यांच्याच नावावर, परत मागणाऱ्याला परत.

आणि अंपायरचे पैसे शेवटचा बॉल पडल्यावर गोळा करू नयेत. समोरच्या संघाचे 900 टॉसच्या वेळी हातात घ्यावेत, आपले 900 घालावेत, 700, 700 आणि 400 अशी तीन पाकिटं करून स्कोअररच्या टेबलावरच्या पिशवीत ठेवावीत. कारण शेवटच्या षटकात पायचीत नाकारलं गेलेलं असतं, संघातले निम्मे लोक बूट सोडत बसलेले असतात, कुणाचं पाकीट गाडीत, कुणाची गाडी दुसऱ्याकडे. अंपायर आपली बेल्सची पिशवी आवरून उभे असतात. तेवढ्यात बाराव्या षटकात झाडीत गेलेला बॉल कुणीतरी शोधून आणतो. त्याच्यावर 12 लिहायचं आणि डब्यात टाकायचा.